‘सांगत जा’ आणि ‘सांगशील का’

पत्र : आमची मैत्री पंधरा वर्षांची. भेटायचं दोघी मिळून ठरवतो आणि ऐन वेळी ती रद्द करते. गेल्या अडीच महिन्यांत चारदा झालं. एकदा मुलाला ताप, दोनदा ऑफिसचं काम, आणि परवा ‘आज अंगात त्राणच नाही गं’. परवा तर मी पायात चपला घालत होते तेव्हा मेसेज आला. मी अजून काहीच उत्तर दिलेलं नाही, पण एक मेसेज लिहून ठेवलाय : ‘ठीक आहे. तू नेहमीच असं करतेस. यायचं नसेल तर सरळ सांगत जा, निदान माझा वेळ तरी वाया जाणार नाही.’ वाचल्यावर माझं मलाच ते फार लागट वाटलं. मला भांडायचं नाहीये. आणि दुखावलेय असंही दिसायला नकोय, कारण मग ती माफी मागत बसते आणि मूळ गोष्ट तशीच राहते. पण गप्प बसले तर पाचव्यांदा हेच होणार. यातलं काय बदलू?

उत्तर : पाठवायच्या आधी एकदा वाचून बघितलात हे बरं झालं. आता तोच मेसेज टेबलावर ठेवून एकेक शब्द उचलून पाहू. त्यात एक कामाची गोष्ट दडलेली आहे, आणि ती शेवटच्या काही शब्दांत आहे. बाकीचं सगळं तिच्यावर टाकलेलं ओझं आहे.

‘ठीक आहे.’ बोलताना हे शब्द निरुपद्रवी असतात. लिहिताना पुढे पूर्णविराम दिला की दार लावल्याचा आवाज येतो. ते राहू दे, त्यातून फार बिघडत नाही. बिघडतं ते ‘नेहमीच’मध्ये. ‘नेहमी’ म्हटलं की समोरचा माणूस आधी ‘नेहमी’ खोटं कसं आहे ते शोधतो. तिला चार महिन्यांपूर्वीची अशी एक संध्याकाळ आठवेल, जेव्हा ती वेळेवर आली होती आणि उशीर तुम्हाला झाला होता. मग चर्चा त्या संध्याकाळीवर. त्यातून त्या ‘नेहमी’ला तुम्ही ‘च’ जोडलाय. आपल्या भाषेतलं हे एक अक्षर भलतंच जड आहे. ‘तू म्हणालीस’ ही माहिती असते, ‘तूच म्हणालीस’ हा आरोप होतो. पाठवायच्या आधी मेसेजमधले सगळे ‘च’ शोधून काढा आणि त्यातला प्रत्येक हवाच आहे का ते बघा. (हवाच! बघा, माझ्याकडूनही सुटला.)

‘यायचं नसेल तर’ हा तुमच्या मेसेजमधला सगळ्यात महाग तुकडा. ती आली नाही, ही घडलेली गोष्ट. तिला यायचं नव्हतं, हा तुमचा निकाल. मुलाला ताप आला होता तेव्हाही तिला यायचं नव्हतं का? तुम्हालाही तसं वाटत नसणार, रागात हात पुढे गेला एवढंच. पण तिने ते वाचलं की तिच्यापुढे एकच काम उरतं : मला यायचं होतं हे सिद्ध करणं. ती तारीख देणार नाही, पुरावे देईल.

मग ‘सरळ सांगत जा’. ‘सरळ’ म्हणजे आजवर वाकडं सांगितलं. आणि ‘सांगत जा’, ‘कळवत जा’, ‘बघत जा’ ही क्रियापदं घरात कोण कोणाला वापरतं ते आठवा. मोठी माणसं लहानांना, शिक्षक मुलांना, आणि वरिष्ठ हाताखालच्यांना. बरोबरीच्या मैत्रिणीने मैत्रिणीला ‘सांगत जा’ म्हटलं की एक जण आपोआप खुर्चीवर बसते आणि दुसरी समोर उभी राहते. ‘निदान... तरी’ ही जोडगोळीही तशीच. ‘निदान’ म्हणजे अपेक्षा आधीच तळाला आणून ठेवली होती, तुझ्याने तेवढंही झालं नाही.

आता उरलं ‘वेळ वाया जाणार नाही’. तुमची खरी मागणी इथे आहे. तिने कधीच रद्द करू नये असं तुम्ही म्हणत नाही आहात. चपला घालायच्या आधी कळावं, एवढंच तुमचं म्हणणं आहे. हे नीट पकडून ठेवा, कारण मेसेज मऊ होतो तो याच्यामुळे. ‘तू कशी आहेस’ याबद्दलची वाक्यं काढून ‘मला अमुक एक हवं आहे’ हे एक वाक्य ठेवलं की धार आपोआप जाते. साखर घालायची वेळच येत नाही.

साखर घातल्यावर काय होतं तेही दाखवते, कारण मेसेज सौम्य करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा इथे जाऊन पडतो :

> अगं सॉरी हं, तुला त्रास द्यायचा नाहीये, तू किती बिझी असतेस मला माहितीये, पण सहज वाटलं म्हणून म्हटलं, राग मानू नकोस प्लीज, म्हणजे पुढच्या वेळी जर जमलं तर थोडं आधी वगैरे कळलं तर बरं होईल, अर्थात नाही जमलं तरी काही नाही गं 😊

यात कठोर एक शब्द नाही, तरी वाचणारीला घाम फुटतो. ‘राग मानू नकोस’ वाचलं की राग येण्यासारखं काहीतरी येतंय हे तिला कळतं आणि ती सावध होते. त्यानंतर येतं ते ‘थोडं आधी वगैरे’. थोडं म्हणजे किती? दोन तास, दोन दिवस? शेवटच्या वाक्याने तर तुम्ही मागणी स्वतःच परत घेतलीत. तिचं उत्तर मी आत्ता लिहून देते : ‘नाही गं, राग कसला, भेटूच लवकर!’ पाचव्यांदा तेच होणार याची ही पक्की तयारी. आणि तो हसरा चेहरा काढा. तक्रारीच्या शेपटाला लावलेला हसरा चेहरा टोमण्यासारखा दिसतो.

आणखी एक वाट आहे, ती चांगली आहे, पण तुमच्या कामाची नाही. थॉमस गॉर्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात सुचवलं, की ‘तू असं केलंस’ म्हणण्याऐवजी ‘मला असं वाटलं’ म्हणावं. तेव्हापासून नात्यांवर बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण हे सांगतो. ‘तू भेट रद्द केलीस की मला एकटं वाटतं.’ जिथे आपली भावना समोरच्याला कळायला हवी असते तिथे याच्याइतकं सरळ काही नाही. तुम्हाला मात्र नेमकी तीच पुढे करायची नाहीये. ‘एकटं वाटतं’ वाचून तुमची मैत्रीण माफी मागणार, तुम्ही तिची समजूत काढणार, आणि आदल्या दिवशी कळवण्याचा विषय निघायच्या आत संध्याकाळ संपणार. तेव्हा ‘मी’ ठेवू, पण तो ‘मी’ भावनेचा नको, दिवसाच्या आखणीचा हवा : मी त्या संध्याकाळी दुसरं काही ठेवत नाही.

(इथे एक कंस. खरोखरच खोल दुखावला असाल, रात्री झोप लागत नसेल, तर खालचा मेसेज तुमच्यासाठी नाही. तो लिहिताना तुम्हाला खोटं बोलावं लागेल आणि ते कुठल्या ना कुठल्या शब्दातून गळेल. मग फोन करा आणि आवाजात सांगा. पण तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुम्ही दुखावल्यापेक्षा वैतागल्या आहात. वैताग मेसेजमध्ये मावतो.)

मेसेज दोन पाठवायचे आहेत, एक नाही. परवापासून तुम्ही गप्प आहात, आणि ही शांतता तिच्यापर्यंत पोचलेली आहे. आता तिच्या ‘त्राण नाही’ला उत्तर म्हणून तुम्ही वेळेचा विषय काढलात, तर तुमचे शब्द कितीही मऊ असोत, ते थकलेल्या माणसाला बोल लावल्यासारखे दिसणार. म्हणून आज फक्त तिच्या तब्येतीला उत्तर द्या :

> अगं, उत्तर द्यायला उशीर झाला. आता बरं वाटतंय का?

बस. उशीर का झाला ते लिहू नका. ‘मी पण जरा बिझी होते’ असं खोटं तर नकोच. ‘भेटीचं बघू नंतर’ हेही नको, त्यात रुसवा ऐकू येतो. ती काहीतरी उत्तर देईल, तुम्ही दोन शब्द बोलाल, आणि परवाचा दिवस मिटेल. मग दोनेक दिवस जाऊ द्या. दुसरा मेसेज तेव्हा, जेव्हा कुणावर चिडायला ताजं कारण नसेल. पुढच्या भेटीचा विषय निघाला तर उत्तमच, तोच मुहूर्त धरा.

आता दुसरा मेसेज. सुरुवात घडलेल्या गोष्टीने करायची, पण कर्ता बाजूला ठेवून. मराठीत याची फार छान सोय आहे. ‘तू रद्द केलंस’, ‘तू आली नाहीस’, ‘तू कळवलं नाहीस’ : यातल्या प्रत्येक क्रियापदाच्या शेवटी जो ‘स’ आहे ना, ते समोरच्याकडे दाखवलेलं बोट आहे. ‘तू’ गाळलात तरी बोट तिथेच असतं. त्याऐवजी आपल्याकडे ‘राहून गेलं’, ‘हुकलं’, ‘जमलं नाही’ अशी क्रियापदं आहेत, ज्यांत गोष्ट घडते आणि दोष कुणाच्या नावावर चढत नाही. ‘आपलं भेटायचं राहून जातंय.’ यात खोटं काहीच नाही. भेट दोघींची होती आणि दोघींची राहिली.

चार हा आकडा लिहावा का, हा प्रश्न मी थोडा वेळ डोक्यात घोळवला. तो खरा आहे, आणि ‘नेहमी’पेक्षा तर नक्कीच बरा. तरीही मी तो लिहिणार नाही. आकडा दिसला की कुणीतरी वही ठेवली होती हे दिसतं. ‘हल्ली’ या शब्दात तेवढीच गोष्ट मावते आणि वही दिसत नाही.

त्यानंतर मागणी. ‘आधी सांग’ हे पुरेसं नाही. तिला करता येईल अशी ती हवी. तुम्ही सांगितलेली चार कारणं एकेक करून बघा. मुलाचा ताप आदल्या रात्री कुणाला कळला असता? कदाचित कळलाही नसता. ते सोडून द्या, तशी वेळ पुन्हा आली तर त्यावर तुमचं काही म्हणणंच नाही. ऑफिसचं काम मात्र बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी डोक्यावर घोंघावत असतं. माणसाला वाटत असतं, उरकेल, उरकेल, आणि दुपारी चारला कळतं की उरकत नाही. थकवाही सकाळी उठल्यावर जाणवतो, पण आपण तो दिवसभर रेटतो आणि निघायच्या वेळी हात टेकतो. म्हणजे चारपैकी तीन वेळा तिला निर्णय शेवटी कळला असला तरी शंका आधी आली असावी. ती सांगत नाही, कारण शंका सांगणं म्हणजे अर्धा नकार दिल्यासारखं वाटतं, आणि मनात येऊन जातं की कशाला उगाच, कदाचित जमेलही. ऐन वेळी रद्द करणारी पुष्कळ माणसं बेफिकीर नसतात. त्यांना शेवटच्या क्षणापर्यंत यायचं असतं आणि तिथेच सगळं अडतं.

म्हणून तिच्याकडे निर्णय मागू नका, शंका मागा. ही सगळ्यात उपयोगाची दुरुस्ती आहे. ‘येणार नसशील तर आधी सांग’ याला तिला काही करता येत नाही, कारण आदल्या रात्री तिच्या मते ती येणारच असते. ‘शंका असली तर सांग’ हे तिला करता येतं.

ते कोणत्या रूपात विचारायचं, तर ‘सांगत जा’चं काय होतं ते वर पाहिलं. ‘सांगायला हवं होतंस’, ‘सांगितलं असतंस तर’ ही भूतकाळाची रूपं आहेत, आणि भूतकाळात आता काहीच दुरुस्त करता येत नाही. म्हणून ती नुसती तक्रार उरते. ‘सांगितल्यास बरे होईल’ ही सोसायटीच्या नोटिशीची भाषा. ‘सांगशील का?’ मात्र भविष्यातलं आहे, प्रश्न आहे, आणि त्याला ‘हो’ म्हणता येतं.

पहिला खर्डा असा तयार झाला :

> अगं, हल्ली आपलं भेटायचं ठरतं आणि राहून जातं. मी त्या संध्याकाळी दुसरं काही ठेवत नाही, त्यामुळे निघताना कळलं की मग काही ठरवता येत नाही. पुढच्या वेळी जमेल की नाही अशी शंका असली तर आदल्या रात्रीच सांगशील का? ‘उद्याचं अवघड दिसतंय’ एवढं लिहिलंस तरी पुरे, कारणं नको सांगूस.

हा चांगला आहे, पण अजून पाठवू नका. एक चाचणी करायची राहिली. मेसेज लिहिताना आपण तो मनात आपल्या आवाजात ऐकत असतो, आणि आपल्या कानात तो मऊच असतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांनी एकमेकांना काही वाक्यं पाठवली, काही गंभीर आणि काही उपरोधाची, कधी ई-मेलने तर कधी आवाजात. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की आपला सूर साधारण ७८ टक्के वेळा नीट पोचेल. आवाजात तो ७३ टक्के वेळा पोचला. लिहून पाठवल्यावर मात्र ५६ टक्के वेळा, म्हणजे नुसता अंदाज ठोकण्यापेक्षा जेमतेम बरा. आणि लिहिणाऱ्यांना ही तफावत जाणवत नव्हती, कारण त्यांच्या कानात त्यांचा स्वतःचा आवाज वाजत होता.

मीही यात सापडलेली आहे. एका मैत्रिणीला मी एकदा मनापासून, विषय हलका करायला म्हणून ‘असो.’ असं लिहिलं. तिचं उत्तर आलं, ‘असो म्हणजे?’ त्या दोन अक्षरांवर आम्ही आठवडाभर होतो.

तेव्हा चाचणी अशी : मेसेज मोठ्याने वाचा, पण तुमच्या आवाजात नाही. तुम्हाला माहीत असलेल्या सगळ्यात खवट माणसाच्या आवाजात वाचा. जे शब्द त्या आवाजात टोचतात ते बदला. तिला तो मेसेज कंटाळलेल्या, अपराधी मनाने वाचायचा आहे, आणि तेव्हा तिच्या कानात हाच आवाज असण्याची शक्यता जास्त.

वरचा खर्डा त्या आवाजात मी वाचला आणि तीन ठिकाणी अडखळले. ‘आदल्या रात्रीच’मधला ‘च’ चोरपावलांनी आत शिरलेला. ‘एवढं लिहिलंस तरी पुरे’ हे त्या आवाजात ‘तेवढी तरी मेहरबानी कर’ असं ऐकू येतं, म्हणजे ‘निदान’ मागच्या दाराने परत आलं. आणि ‘कारणं नको सांगूस’! माझा हेतू किती चांगला होता, तिला स्पष्टीकरणाच्या कष्टातून सोडवावं. पण मराठीत ‘कारण’ म्हणजे कारण आणि ‘कारणं’ म्हणजे सबबी. ‘तो कारणं सांगतो’ आपण कोणाबद्दल म्हणतो, बघा. एका अनुस्वाराने उपकाराचा आरोप झाला.

दुरुस्त केलेला मेसेज :

> अगं, हल्ली आपलं भेटायचं ठरतं आणि राहून जातं. मी त्या संध्याकाळी दुसरं काही ठेवत नाही, त्यामुळे निघताना कळलं की मग काही ठरवता येत नाही. पुढच्या वेळी जमेल की नाही अशी शंका असली तर आदल्या रात्री सांगशील का? नुसतं ‘उद्याचं अवघड दिसतंय’ म्हटलं की मला कळेल, कारण लिहायलाच हवं असं नाही. आणि सध्या बाहेर पडणंच जड जात असेल तर फोनवर निवांत बोलू.

‘लिहायलाच’मधला ‘च’ मी मुद्दाम ठेवलाय. तो तिच्यावरचं ओझं कमी करतो, वाढवत नाही. ‘म्हटलं की’ केल्यामुळे ‘लिहिलंस’चा ‘स’ गेला. तिने पाठवायचं वाक्य तयार करून दिलंय, कारण नकार कसा लिहावा हे शोधण्यातही वेळ जातो आणि तेवढ्यात निघायची वेळ होते. शेवटचं वाक्य ऐच्छिक आहे. त्यामागे माझी एक शंका आहे : अडीच महिन्यांत मूल आजारी, काम, काम आणि मग ‘त्राण नाही’, या क्रमात थकत चाललेलं माणूस दिसतं. ते वाक्य तिला तसं सांगायला जागा देतं. पण फोनवर बोलायची तुमची खरोखर तयारी नसेल तर ते गाळा.

हा मेसेज तुमच्या मूळ मेसेजच्या जवळजवळ तिप्पट आहे. याहून लांब नको. पाच वाक्यांच्या पुढे मैत्रिणीचा मेसेज अर्ज वाटायला लागतो.

आता तिच्या उत्तराबद्दल, कारण मऊ मेसेज बरेचदा दुसऱ्या फेरीत बिघडतो. ‘हो गं, सांगेन’ आलं तर ‘थँक्यू गं’ म्हणा आणि थांबा. ‘बघ हं, नक्की ना?’ नको. माफीचा लोंढा आला, ‘मी फार वाईट मैत्रीण आहे’ वगैरे, तर तुमची जीभ ‘जाऊ दे गं, काही नाही एवढं’ म्हणायला धावेल. ‘जाऊ दे’ म्हटलंत की मागणीही गेली. त्याऐवजी लिहा : ‘अगं वाईट काय त्यात, फक्त रात्रीच्या मेसेजचं लक्षात ठेव.’ मैत्रीबद्दल निश्चिंत केलंत आणि मागणी जागेवर राहिली.

ती फणकारली, ‘मी काय मुद्दाम करते का?’, तर त्याचं उत्तर एकदाच आणि छोटं : ‘मुद्दाम नाही, माहितीये मला. मी फक्त वेळेचं म्हणतेय.’ त्यावरही तिचा सूर तोच राहिला तर टायपिंग थांबवा आणि फोन लावा. त्या ५६ आणि ७३ मधला फरक अशा वेळी कामाला येतो. आणि तिने वाचून काहीच लिहिलं नाही, तर चार-पाच दिवस काहीही पाठवू नका. प्रश्नचिन्हं तर अजिबात नाही. काही लोकांना अशा मेसेजचं उत्तर लिहायला खरंच इतके दिवस लागतात.

काम झालं की नाही हे कशावरून ओळखायचं? ती पाचवी भेटही रद्द करू शकते. पण तो मेसेज आदल्या रात्री आला, तर तुम्ही मागितलं ते तुम्हाला मिळालं. त्या वेळी तुमच्या ‘ओके’मध्ये निराशा दिसली तर ती पुढच्या वेळी पुन्हा शेवटपर्यंत थांबेल. म्हणून तिथे ‘बरं झालं आत्ता सांगितलंस’ असं लिहा. (हा ‘स’ चालेल. कौतुकातला ‘स’ कोणाला टोचत नाही.) रद्द केल्यावर पुढची तारीख कोण सुचवतं, तेही बघून ठेवा. ‘आज नाही, पण रविवारी?’ असं ती म्हणत असेल तर तिला भेटायचं आहे. दर वेळी नवी तारीख तुम्हालाच काढावी लागत असेल, तर एकदा ती काढू नका आणि किती दिवस जातात ते बघा.

मेसेज पोचूनही दोन वेळा ऐन वेळीच रद्द झालं, तर तिसरा, आणखी तासलेला मेसेज लिहायला बसू नका. शब्दांनी होण्यासारखं तेवढं झालेलं आहे. मग बेतच असे ठरवा ज्यात तुमची संध्याकाळ तिच्यावर टांगलेली नसेल. आणखी एक-दोघी असतील असं काही, किंवा तुम्ही एकट्याही आनंदाने गेला असता असं. ती आली तर आली.

आणि पुढची भेट ठरली की आदल्या रात्री तुम्हीच एक मेसेज टाका, पहिल्या वेळी तरी. ‘उद्या येतेयस ना?’ असं लिहू नका. त्या ‘ना’ला ‘हो’च हवं असतं. तिला शंका असली तरी ती ‘हो हो’ म्हणून मोकळी होईल आणि तुम्ही पुन्हा चपला घालत उभ्या. ‘उद्याचं जमतंय का?’ असं विचारा.